‘आम्ही’ म्हणजे कोण?

खर्चाची नोंद ठेवणाऱ्या एका अ‍ॅपचा मराठी मजकूर मी लिहिते. नव्या माणसाला सुरुवातीच्या चार-पाच स्क्रीनवर जे शब्द दिसतात, ते माझं काम. दुसऱ्या दिवशी तो अ‍ॅप उघडणार की काढून टाकणार, हे बरंचसं तिथेच ठरतं.

त्या दिवशी पुण्यात घरगुती डबे देणाऱ्या एका काकूंच्या स्वयंपाकघरात बसून, त्या अ‍ॅप कसं वापरतात ते बघत होते. आमचा तिसरा स्क्रीन म्हणत होता, ‘आम्ही तुमचे बँकेचे एसएमएस वाचून खर्च आपोआप नोंदवतो.’ खाली ‘पुढे’. ते दाबलं की अँड्रॉइडची स्वतःची चौकट येते. तिचा मजकूर आम्हाला बदलता येत नाही. आणि एसएमएसच्या सगळ्या परवानग्या एकाच गटात बांधलेल्या असल्यामुळे, आम्हाला फक्त वाचायचं असलं तरी ती चौकट मेसेज पाठवण्याचीही परवानगी मागते.

काकूंनी फोन ओट्यावर ठेवला. “माझ्या नावानं मेसेज कोण पाठवणार? आणि ‘आम्ही’ म्हणजे कोण? तुम्ही हापिसात बसून माझे मेसेज वाचणार?”

त्या ‘आम्ही’वर बैठकीत कुणीच बोट ठेवलं नव्हतं. मीही नाही.

नकाराची किंमत मोठी असते. अँड्रॉइड 11 पासून दोनदा नकार मिळाला की ती चौकट पुन्हा येतच नाही. मग माणसाला फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन परवानगी द्यावी लागते, आणि एवढ्यासाठी कोण जातंय? म्हणून परवानगीचा प्रश्न मी पहिल्या दिवसातून काढलाच. आता सुरुवातीला एवढंच विचारतो, ‘आज कशावर खर्च झाला?’ काकूंनी ‘कोथिंबीर 20’ लिहिलं आणि लगेच गॅसचेही पैसे टाकले. चार-पाच नोंदी हातानं केल्यावर टंकायचा कंटाळा येतो, तेव्हा एसएमएसचं विचारायचं. चौकटीच्या आधी एक ओळ येते: ‘पुढे फोन “पाठवण्याची” परवानगीही मागेल. हे अ‍ॅप कुणालाही मेसेज पाठवत नाही.’

प्रॉडक्ट मॅनेजरला त्यात ‘तुमचे मेसेज फोनबाहेर जात नाहीत’ हेही हवं होतं. वाक्य सुटसुटीत आहे, पण अर्धंच खरं. मूळ मेसेज फोनमध्येच राहतो; रक्कम, तारीख आणि दुकानाचं नाव मात्र आमच्या सर्व्हरवर जातं. ते लपवून मिळवलेली परवानगी मला नको होती. तीन दिवस वाद घातला आणि अखेर लिहिलं, ‘मेसेज फोनमध्येच राहतो. रक्कम, तारीख आणि दुकानाचं नाव अ‍ॅपच्या सर्व्हरवर जातं.’

नवा स्क्रीन घेऊन मी पुन्हा काकूंकडे गेले. त्यांनी तो दोनदा वाचला.

“रक्कम ठीक आहे गं. दुकानाचं नाव कशाला?”

किराणा की औषध, ते ओळखायला, असं मी सांगितलं. त्यांनी परवानगी दिली. पण ते कारण अजूनही स्क्रीनवर नाही. एका ओळीत बसेल असं वाक्य मी गेला आठवडाभर शोधतेय.