चाकण, डायकास्टिंग, 15 तारखेपासून मोकळा

सोमवार, रात्र

नोकरी गेल्याची लिंक्डइनवरची पोस्ट शेवटी इंग्रजीत जाणार असली, तरी पहिला मसुदा मराठीत करावा. इंग्रजीत तयार वाक्यं हाताशी असतात. ‘बिटरस्वीट’, ‘नेक्स्ट चॅप्टर’, ‘ग्रेटफुल फॉर द जर्नी’ एवढं टाकलं की पोस्ट भरल्यासारखी दिसते. तेच मराठीत लिहायला घेतलं की आपलं आपल्यालाच हसू येतं. ‘या प्रवासाबद्दल मी कृतज्ञ आहे’ असं शॉपफ्लोअरवर कोण बोलतं? ‘आमची लाइन बंद झाली, माझं पद गेलं’ असं बोलतात, आणि पोस्टला नेमकं तेच वाक्य हवं असतं.

आज समोर आहे तो मसुदा एका सप्लायर क्वालिटी इंजिनिअरचा. 11 वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची 4 वर्षं चाकणला, विषय अॅल्युमिनियम डायकास्टिंग, म्हणजे वितळलेलं अॅल्युमिनियम साच्यात दाबून भाग ओतणं. सुरुवात ‘जड अंतःकरणाने कळवतो की’. मग आभार, मग शिकायला मिळालेल्या गोष्टी. माणूस नक्की काय काम करतो, ते बाराव्या ओळीत कळतं. मोबाइलवर पोस्टच्या पहिल्या दोन-तीन ओळीच दिसतात, बाकीचं दाबून उघडावं लागतं. म्हणजे बहुतेकांना फक्त जड अंतःकरण दिसणार.

ते काढून सुरुवात अशी केली: ‘चाकणच्या आमच्या प्लँटमधली एक लाइन बंद झाली आणि तिच्याबरोबर माझं पदही. मी सप्लायर क्वालिटीत 11 वर्षं आहे, अॅल्युमिनियम डायकास्टिंग हा माझा विषय. 15 तारखेपासून पुणे परिसरात रुजू होऊ शकतो.’ काय झालं, कोण आहे, कुठे आणि कधीपासून, सगळं दिसणाऱ्या ओळींत आलं. दुःख लपवलेलं नाही, फक्त त्याला पहिली ओळ दिलेली नाही.

मंगळवार

‘ले-ऑफ’ हा शब्द लिहिण्याआधी हातातलं पत्र नीट वाचायला हवं. आपल्याकडे पद रद्द करतानाही पुष्कळदा राजीनामाच लिहून घेतात. मग रिलीव्हिंग लेटरवर ‘राजीनामा स्वीकारला’, पोस्टवर ‘ले-ऑफ’, आणि पुढच्या कंपनीच्या बॅकग्राउंड व्हेरिफिकेशनमध्ये दोन्ही समोरासमोर. खोटं कोणीच बोललेलं नसतं, तरी खुलासा उमेदवारालाच करावा लागतो. ‘पद रद्द झाल्यामुळे राजीनामा दिला’ असं लिहिलं की दोन्ही बाजू जुळतात. कामगिरीवरून काढलं असेल तर लाइन बंद पडल्याची गोष्ट रचू नये. चाकणमध्ये एका फोनवर खरं कळतं. ‘माझी तिथली नोकरी 31 तारखेला संपली’ हे वाक्य पुरेसं आहे आणि ते खरं आहे.

दुसरं म्हणजे सेटलमेंटचा कागद. त्यात कंपनीबद्दल जाहीरपणे वाईट बोलणार नाही, अटी उघड करणार नाही, असं कलम असू शकतं. त्यामुळे किती महिन्यांचा पगार मिळाला, कोणाला ठेवलं आणि कोणाला काढलं, यातलं काहीही पोस्टमध्ये नको. राग असतोच, आणि तो रास्तही असतो. पण पोस्ट वाचणाऱ्यांत उद्याचा साहेबही असतो.

बुधवार

मसुद्यातलं सगळ्यात कच्चं वाक्य: ‘रिजेक्शन कमी करण्यात महत्त्वाचा वाटा उचलला.’ किती होतं, किती झालं, कशानं झालं? विचारल्यावर उत्तर लगेच आलं. लीक टेस्टमध्ये 100 पैकी 4 हाउसिंग पडत होती. दोष पोरॉसिटीचा, म्हणजे धातूत राहिलेल्या बारीक पोकळ्यांचा. सप्लायरकडे डायचे, म्हणजे साच्याचे, हवा बाहेर जाण्याचे व्हेंट बुजलेले, त्यामुळे हवा आत अडकायची. शिवाय डायवर स्प्रे जास्त मारला जायचा आणि त्याचा गॅसही त्यात भर घालायचा. व्हेंट दर शिफ्टला साफ करायचे आणि स्प्रेची वेळ ठरवून द्यायची, असं दोन महिने पाळलं आणि आकडा दीडवर आला.

हेच लिहायचं, चार ओळींत. कास्टिंगमधल्या माणसाला ‘व्हेंट’ आणि ‘स्प्रे’ वाचल्यावर कळतं की हा सप्लायरच्या मशीनपाशी उभा राहिलेला आहे. दोषाचं कारण आणि उपाय लिहायचे 8डी रिपोर्ट भरणारे खूप असतात, डाय उघडून बघणारे थोडे. मात्र ग्राहकाचं नाव, पार्टचं नाव आणि ड्रॉइंगचा फोटो यातलं काहीही बाहेर जाता कामा नये. ‘गाडीच्या एका हाउसिंगमध्ये’ एवढं म्हटलं तरी काम होतं.

गुरुवार

शेवटी ‘कोणतीही संधी असल्यास कळवा’ होतं. या वाक्यावर वाचणाऱ्याला करण्यासारखं काहीच नसतं. तो हळहळतो, खाली ‘सीएफबीआर’ टाकतो आणि पुढे जातो. पोस्ट जास्त लोकांपर्यंत पोचावी म्हणून केलेली ही कॉमेंट, तिचा हेतू चांगलाच असतो, पण शंभर सीएफबीआरमधून एकही फोन नंबर हाती लागत नाही. त्याऐवजी: ‘चाकण, रांजणगाव किंवा तळेगावात कास्टिंग विकत घेणाऱ्या कंपनीत सप्लायर क्वालिटी किंवा सप्लायर डेव्हलपमेंटची जागा हवी आहे. तिथल्या परचेस किंवा क्वालिटीमधल्या कोणाशी ओळख करून दिलीत तर मोठी मदत होईल.’ हे वाचून एखाद्याला मेहुणा आठवतो. तो मजकूर उचलून व्हॉट्सअॅपवर पाठवतो, आणि पोस्टचं खरं काम तिथेच होतं.

पोस्ट टाकण्याआधी प्रोफाइल दुरुस्त हवं. जुन्या नोकरीला शेवटची तारीख घातली तरी नावाखालची ओळ आपण हाताने लिहिलेली असेल तर तशीच राहते, आणि पोस्ट बेकारीची, नावाखाली जुनी कंपनी, असा घोळ होतो. ‘सध्या शोधात’ अशी नवी नोंद नोकरीच्या रकान्यात करताना नेटवर्कला कळवण्याचं बटण बंद ठेवावं, नाहीतर ओळखीपाळखीचे नव्या पदाबद्दल अभिनंदन करत येतात. ‘ओपन टू वर्क’मध्ये पदांची 5 नावं देता येतात. एकाच कामाला कंपन्या वेगवेगळी नावं देतात, म्हणून पाचही भरावीत. फोटोभोवतीची हिरवी पट्टी लावावी की नुसतं रिक्रूटरना दिसू द्यावं, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. पोस्टच जाहीर टाकायची म्हटल्यावर पट्टी लपवून काय मिळणार?

भाऊ अमेरिकेत एच-1बीवर असेल आणि त्याची नोकरी गेली असेल तर हिशेब वेगळा. त्याच्याकडे जास्तीत जास्त 60 दिवस असतात, आणि आय-94वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची, राहण्याची मुदत आधी संपत असेल तर तेवढेही नाहीत. त्याच्या पोस्टमध्ये व्हिसा ट्रान्सफर लागेल हे आणि शेवटची तारीख स्पष्ट लिहिलेली हवी, म्हणजे ज्यांना ते जमणार नाही ते त्याचा वेळ घेणार नाहीत.

शुक्रवार

पोस्ट सकाळी गेली. मोबाइल नंबर मुद्दाम दिला नाही, फक्त मेसेज करायला सांगितलं. नंबर दिसला की दुपारपर्यंत ‘एचआर’चे फोन सुरू होतात: रजिस्ट्रेशनचे 1,500, लॅपटॉपचं डिपॉझिट, मुलाखत टेलिग्रामवर. नोकरी देण्यासाठी पैसे मागितले की तिथेच फोन ठेवायचा.

कॉमेंटला उत्तर देताना ‘थँक यू’वर थांबू नये. ‘तुमच्याकडे कास्टिंग कोणाकडून येतं?’ असा एक प्रश्न विचारला की बोलणं पुढे सरकतं. कोणी काय पाठवलं, कोणाला कधी आठवण करायची, हे वहीत लिहून ठेवावं, कारण आठवड्याभरात मेसेज खाली जातात आणि नावं विसरतात. तीन आठवड्यांनी पुन्हा लिहायचं तर तीच पोस्ट नको, दुसरं एखादं काम घ्यावं. या इंजिनिअरकडे मशीनिंगनंतर उघड्या पडणाऱ्या पोरॉसिटीचं एक आहे.

आणि जागा मिळाली की जुनी पोस्ट एडिट करून पहिल्याच ओळीत लिहायचं: ‘शोध संपला, रुजू झालो.’ नाहीतर सहा महिन्यांनी कोणाचा तरी मेहुणा फोन करतो, आणि त्याला परत पाठवताना आपल्यालाच ओशाळल्यासारखं होतं.