मुठू

आज नातीच्या बारशाला दोन शब्द बोललो. लिहून नेलेला कागद खिशातच राहिला. आधी तिचं पाळण्यातलं नाव नीट उच्चारलं, मग घरातलं सांगितलं: मुठू.

जन्मली त्या रात्री तिच्या तळव्याला माझं बोट लागलं आणि तिने ते घट्ट धरलं. डॉक्टर म्हणाले, नवजात बाळाची ही उपजत क्रिया असते, काही महिन्यांत जाते. जाऊ दे. मी मात्र तासभर हललो नाही, आणि तेव्हाच तोंडून निघालं, “सोड गं मुठू.”

एवढंच सांगितलं. शेवटी तिला म्हणालो, “मोठेपणी चारचौघांत हे नाव नको वाटलं तर सांग, बाळा. मग फक्त घरात हाक मारीन.” सूनबाईने डोळे पुसले. मुठू झोपली होती, मूठ मिटून.