आमची वाटचाल : टायपिंगच्या टेबलापासून खोलीच्या ताब्यापर्यंत

नागपूरच्या मनीषनगरात आमचं झेरॉक्स आणि टायपिंगचं दुकान होतं. २०१७ पासून मिहानमधल्या कंपन्यांत नोकरीला लागलेली मुलं-मुली रोज यायची. कुणी देवरीचं, कुणी वरोऱ्याचं, कुणी वणीचं. हातात खोलीचा पत्ता आणि शंभराचा स्टँप पेपर. "दादा, अकरा महिन्यांचा करार टाइप करून द्या, नोटरी करायचा आहे." मी जुना मसुदा उघडायचा, नावं बदलायचा, दीडशे रुपये घ्यायचा. दिवसाला असे चार-पाच करार व्हायचे.

२०१८ च्या दिवाळीनंतर वरोऱ्याचा एक मुलगा परत आला. पुण्याला बदली झाली म्हणून त्यानं खोली सोडली होती आणि घरमालकानं अठरा हजारांचं डिपॉझिट द्यायला साफ नकार दिला होता. त्यानं करार माझ्यासमोर ठेवला. मीच टाइप केलेला. त्यात डिपॉझिट किती ते होतं. ते कधी परत करायचं, त्यातून काय कापायचं आणि कशाच्या आधारावर कापायचं, यातलं काहीच नव्हतं. त्याचे पैसे गेले. तो मला एक शब्द बोलला नाही, पण त्या रात्री मला झोप आली नाही. गावाकडून आलेल्या मुलाच्या पहिल्या वर्षाच्या बचतीएवढी ती रक्कम होती.

मग मी कायदा वाचायला बसलो. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९. त्याचं कलम ५५ सांगतं की भाड्याचा किंवा लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी हवा आणि तो नोंदवलेला हवा. नोंदवण्याची जबाबदारी घरमालकाची. करार नोंदवलेला नसेल आणि वाद झाला, तर उलट सिद्ध होईपर्यंत अटींबाबत भाडेकरूचं म्हणणं ग्राह्य धरलं जातं. अकरा महिन्यांची पळवाट आपल्याकडे सगळ्यांच्या डोक्यात घट्ट बसली आहे. ती येते केंद्राच्या नोंदणी कायद्यातून, कारण तिथे एका वर्षापेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्यांनाच नोंदणी सक्तीची आहे. महाराष्ट्रात वेगळा कायदा आहे. इथे अकरा महिने असोत की तीन, नोंदणी लागतेच. म्हणजे मी वर्षभर जे कागद करून देत होतो, ते अर्धे होते.

२०१९ मध्ये नोटरीचे करार बंद केले आणि ऑनलाइन नोंदणी सुरू केली. आधार क्रमांक, अंगठ्याचं यंत्र, लॅपटॉप घेऊन घरमालकाच्या बैठकीत बसायचं. त्याच वर्षी मार्चमध्ये खापरीपर्यंत मेट्रो धावू लागली आणि वर्धा रोडच्या बाजूला खोल्यांची मागणी वाढली, त्याचाही हातभार लागला. अडचण मात्र वेगळ्याच ठिकाणी यायची. सत्तरीच्या काकूंचे अंगठे भांडी घासून इतके झिजलेले असतात की यंत्र ठसा ओळखतच नाही. हात कोमट पाण्यानं धुऊन, पुसून, दुसरी बोटं लावून पाहायची, नाहीच जमलं तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जायचं. एका नोंदणीला मी तीन फेऱ्या मारल्या आहेत.

घरमालकांची भीती एकच : "नोंदवलं की पोरगा घर बळकावेल." त्यांना मी कलम २४ समजावून सांगतो. मुदत संपल्यावर राहणारा निघाला नाही, तर मालकाला सक्षम प्राधिकाऱ्याकडे जाऊन ताबा मागता येतो, आणि तोवरच्या काळासाठी दुप्पट दरानं भरपाई मागता येते. तिथे नोंदवलेला करारच त्यांच्या उपयोगी पडतो. हे ऐकल्यावर बहुतेक काका सही करतात.

तरी करारानं डिपॉझिटचं भांडण मिटत नाही, हे कळायला आणखी एक वर्ष लागलं. भांडण असतं भिंतीचं, नळाचं, कूलरचं. म्हणून आम्ही ताबा-नोंद सुरू केली. सामान आत जाण्याआधी आमचा माणूस खोलीवर जातो आणि मालक व राहणारा, दोघांसमोर प्रत्येक भिंत, खिडकी, दार, नळ, पंखा यांचे फोटो घेतो. ओल कुठे आहे, पोपडे कुठे आले आहेत, कोणती फरशी फुटकी आहे ते लिहितो. सबमीटरचा आकडा टिपतो. दोन पानांचा कागद, दोघांच्या सह्या, आणि फोटो तिथल्या तिथे दोघांच्या व्हॉट्सॲपवर.

विजेचं कलम मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. चार खोल्या आणि घरमालकाचं एकच मीटर, हे आपल्याकडे सर्रास दिसतं. महावितरणचा घरगुती दर टप्प्यांनी वाढतो : शंभर युनिटपर्यंत एक, तीनशेपर्यंत दुसरा, पाचशेपर्यंत तिसरा. प्रत्येक खोलीत ऐंशीच युनिट जळले, तरी मीटरवर तीनशे वीस होतात आणि वरचा टप्पा लागतो. नागपूरच्या मे महिन्यात साधा कूलर रात्रीचे दहा तास चालला, तर दिवसाला दोनेक युनिट घेतो, महिन्याला साठ. मालक मग अंदाजानं एक दर ठरवून टाकतात. आम्ही करारात लिहितो : पूर्ण बिल भागिले पूर्ण युनिट, गुणिले खोलीच्या सबमीटरचे युनिट, आणि बिल दाखवायचं.

२०२२ मधली देवरीची एक मुलगी. भाडं साडेसात हजार, डिपॉझिट साडेबावीस. एकोणीस महिने राहिली. सोडताना मालकांनी हिशेब दिला : रंग सहा हजार, कूलरची दुरुस्ती दीड हजार, वीज १९० युनिट तेरा रुपयांनी दोन हजार चारशे सत्तर. हातात यायचे १२,५३०. तिचा फोन आला, "काय करू जी दादा, मालक ऐकत नाहीत."

मी ताबा-नोंद घेऊन गेलो. बाथरूमकडच्या भिंतीचे पोपडे पहिल्या दिवसाच्या फोटोत होते. कूलरचा तळाचा पत्रा गंजलेला, तेही लिहिलेलं होतं. दाराजवळच्या भिंतीवर मात्र तिनं खिळे ठोकले होते, ती भिंत तिच्या नावावर : बाराशे. बिल काढायला लावलं, दर युनिटला दहा रुपये पडला, म्हणजे एकोणीसशे. एकूण कापले तीन हजार शंभर, परत मिळाले १९,४००. मालक चिडले नाहीत. फोटो पाहून म्हणाले, "हे मला आठवतच नव्हतं." मला वाटतं, बहुतेक भांडणात लबाडी नसते, विसर असतो.

फी आम्ही फक्त राहणाऱ्याकडून घेतो. सुरुवातीला मालकाकडूनही दलाली घ्यायचो, पण दोन्हीकडून पैसे घेतले की खोली सोडण्याच्या दिवशी कुणाच्या बाजूनं बोलायचं ते कळत नाही. मालकाची दलाली सोडल्यावर पहिलं वर्ष तोट्यात गेलं. मध्ये डबा आणि कपडे धुण्याची सोय जोडून पाहिली. रात्रपाळीच्या मुलांच्या वेळा जुळेनात, चार महिन्यांत बंद केली. पीजी आणि वसतिगृहांत आमची पद्धत चालत नाही, कारण तिथे खाट मिळते, खोलीचा ताबा मिळत नाही, त्यामुळे ते काम घेत नाही.

यंदा खोली सोडण्याआधीची भेट वेगळी सेवा म्हणून सुरू केली आहे. एक महिना आधी आमचा माणूस जुने फोटो घेऊन जातो आणि मुलांना सांगतो की कोणतं खिळ्याचं भोक बुजवायचं, कोणता नळ आत्ताच दुरुस्त करायचा. दीडशे रुपयांचा वॉशर तेव्हाच बदलला, तर हिशेबात हजार कापले जात नाहीत. वरोऱ्याचा तो मुलगा आता पुण्यात स्थिरावला आहे. त्याच्या धाकट्या बहिणीला जूनमध्ये मिहानमध्ये नोकरी लागली. तिची ताबा-नोंद मी स्वतः जाऊन केली.