लाल पेशीच्या मागे मागे: उजव्या अलिंदातून पोटरीपर्यंत आणि परत

रक्ताभिसरणाचा मार्ग मी दोनदा पाठ केला आणि दोनदा विसरले, तोंडी परीक्षेत तर फुप्फुस धमनीत ऑक्सिजनवालं रक्त असतं असं ठाम सांगून आले. म्हणून या वेळी पाठांतर सोडलं, डोळे मिटले आणि एका लाल रक्तपेशीच्या मागे लागले, पोटरीपर्यंत जाऊन परत. तुम्हाला जायचं असेल तर आधी एवढंच ठरवा की कुठून निघायचं, कारण वाटेत हृदय दोनदा लागतं आणि बरेचजण तिथेच हरवतात.

मी उजव्या अलिंदातून निघाले. पेशी आत्ताच शरीरभर फिरून आलेली, रंग गडद, जरा काळपट तांबडा. पण ती रिकामी आहे असं समजू नका हं, आराम करत असताना परत येणाऱ्या रक्तात हिमोग्लोबिनच्या ऑक्सिजन धरणाऱ्या दर चार जागांपैकी साधारण तीन अजून भरलेल्याच असतात. त्रिदल झडप उघडली की खाली उजवं निलय, तिथून पुढची झडप ओलांडली की फुप्फुस धमनी.

माझं उत्तर चुकलं ते इथेच. धमनी म्हणजे लालभडक रक्त असं डोक्यात बसलेलं असतं, आणि इथे तर पेशी अजून गडदच! नाव रंगावरून नाही, दिशेवरून पडतं. मी हे असं लक्षात ठेवलंय: धमनी धाडते, शिरा शिरते. हृदयातून बाहेर धाडते ती धमनी, हृदयात शिरते ती शिरा, मग आत कसलंही रक्त असू दे.

फुप्फुसात मात्र थांबून बघा, म्हणजे पेशी थांबत नाही पण तुम्ही बघा. वाटा फुटत फुटत केशवाहिनी इतकी अरुंद होते की सात-आठ मायक्रॉनच्या पेशीला अंग दुमडून, वाकून पुढे सरकावं लागतं, आणि ते जमतं कारण तिच्यात केंद्रकच नाही, ती मऊ पिशवीसारखी आहे. एका बाजूला वायुकोश, मधे अगदी पातळ पडदा. पलीकडे हवेत ऑक्सिजन जास्त, इकडे कमी, म्हणून तो आपोआप इकडे येतो आणि कार्बन डायऑक्साइड तिकडे जातो. आराम करताना पेशी इथे जेमतेम पाऊण सेकंद असते, आणि त्यातल्या पहिल्या एक तृतीयांश वेळातच हिमोग्लोबिन जवळजवळ भरतं, बाकीचा वेळ शिल्लक. म्हणूनच धावताना रक्त भरभर गेलं तरी निरोगी माणसाचं सहसा भागतं.

आता पेशी लालभडक, फुप्फुस शिरेतून हृदयात शिरली (शिरा शिरते!), डावं अलिंद, द्विदल झडप, डावं निलय. झडपांचा क्रम मला नेहमी उलटा यायचा, आता मी म्हणते आधी तीन मग दोन. डाव्या निलयाची भिंत उजव्यापेक्षा बरीच जाड दिसेल, कारण उजव्याला शेजारच्या फुप्फुसापर्यंत कमी दाबाने ढकलायचं असतं आणि याला डोक्यापासून पायाच्या बोटापर्यंत.

महाधमनीतून वर कमान घेऊन खाली, पोट, मांडी, पोटरी, हा टप्पा भर्रकन होतो. पोटरीच्या स्नायूत पुन्हा तशीच अरुंद केशवाहिनी, पण इथे देवाणघेवाण उलटी, ऑक्सिजन उतरतो, कार्बन डायऑक्साइड चढतो, पेशी परत गडद.

परतीची वाट सगळ्यात अवघड. शिरेत दाब अगदी कमी आणि उभ्या माणसात चढण पूर्ण उभी. पेशी थोडी वर जाते, मागून झडप मिटते, पोटरीचा स्नायू आवळला की पुढच्या झडपेपलीकडे ढकलली जाते. झडपा नीट मिटल्या नाहीत तर रक्त खाली साचतं, शिरा फुगून वेड्यावाकड्या दिसायला लागतात. तिथून अधो महाशिरा आणि पुन्हा उजवं अलिंद. शरीरात साधारण पाच लिटर रक्त आणि हृदय आराम करताना मिनिटाला साधारण तेवढंच ढकलतं, म्हणजे एक फेरी सरासरी एका मिनिटाची.

एक सूचना, पुढच्या वेळी पोटरीऐवजी आतड्याकडे जाल तर माझं ‘शिरा शिरते’ हे वाक्य एका ठिकाणी फसेल. आतड्यातून निघणारी पोर्टल व्हेन हृदयात न शिरता आधी यकृतात शिरते, तिथे केशवाहिन्यांचं दुसरं जाळं लागतं, आणि ते ओलांडल्यावरच पेशी अधो महाशिरेला मिळते. वहीत ही फेरी काढताना यकृताचा थांबा वेगळ्या रंगाने काढा, मी पहिल्यांदा काढलेल्या चित्रात तो राहूनच गेला होता.