उलट्या होतायत तरी पोटॅशियम वाढलेलं कसं?

केस मीटिंगच्या आदल्या रात्री मॅडमना पीपीटी दाखवली, त्यांनी पहिली स्लाइड बघितली आणि म्हणाल्या, "अरे, इथेच डायग्नोसिस कळतंय. तुला त्या दिवशी इथे कळलं होतं का?" नव्हतं कळलं. हिस्टरीत मी 'अंग काळवंडलंय, सारखं मीठ खावंसं वाटतं' असं छान लिहून टाकलं होतं, पण हे मी अॅडमिशनच्या वेळी विचारलंच नव्हतं, नंतर कळल्यावर मागे नेऊन चिकटवलेलं. मग बसून सगळ्या स्लाइड्स जसं घडलं तशा परत लावल्या.

खरी पहिली स्लाइड अशी होती: २८ वर्षांची बाई, चार दिवस उलट्या, पोटदुखी, उभं राहवत नाही इतका थकवा. बीपी ८४/५६, पल्स १२०. ताप नाही, जुलाब नाहीत. मी गॅस्ट्रो लिहिलं, दोन लिटर सलाईन दिलं, बीपी ९६ पर्यंत आलं तसा दुसऱ्या पेशंटकडे गेलो. दोन तासांत परत ८२.

तेवढ्यात रिपोर्ट आले. सोडियम ११९, पोटॅशियम ५.९, शुगर ६४, क्रिएटिनिन १.३. सोडियम उलट्यांनी कमी झालं असं मी स्वतःला समजावलं आणि पोटॅशियम बघून सॅम्पल हिमोलाइज झालं असेल, म्हणजे नळीतच रक्तपेशी फुटून पोटॅशियम खोटं वाढलं असेल, म्हणून परत पाठवलं. परत ५.८. आता मात्र थांबून विचार करावा लागला, कारण चार दिवस उलट्या होत असतील तर पोटॅशियम खाली जायला हवं. पोटातलं अॅसिड बाहेर जातं, रक्त अल्कलाइन होतं आणि किडनी पोटॅशियम लघवीतून घालवते. इथे नेमकं उलटं, आणि १.३ क्रिएटिनिनने एवढं वाढत नाही. म्हणजे किडनीला 'सोडियम धर, पोटॅशियम सोड' हे सांगणारं अल्डोस्टेरॉनच कमी पडत होतं का?

हे डोक्यात चालू असताना दुसरी लाइन लावणाऱ्या सिस्टर म्हणाल्या, "डॉक्टर, हिच्या हाताच्या रेषा बघा ना." तळहात फिकट आणि त्यावरच्या रेषा पेनाने गिरवल्यासारख्या काळ्या. तोंड उघडायला सांगितलं तर गालाच्या आत निळसर काळे डाग. आईला विचारलं, रंग पहिल्यापासून असाच का? "नाही हो, सहा महिन्यांत काळवंडली, आम्हाला वाटलं उन्हानं." तळहाताच्या रेषा आणि गालाची आतली बाजू उन्हाने कशी काळी होईल! अल्डोस्टेरॉन आणि कॉर्टिसोल ही हार्मोन्स बनवणारी अॅड्रिनल ग्रंथी बंद पडली की तिला चालवायला पिट्युटरी एसीटीएच वाढवत राहते आणि तेच त्वचेतल्या रंगपेशींना चेतवतं.

अॅड्रिनल बंद पडण्याचा हा आजार म्हणजे अॅडिसन्स, आणि समोर क्रायसिस. कॉर्टिसोल आणि एसीटीएचसाठी रक्त काढलं आणि लगेच कॉर्टिसोलची जागा घेणारं स्टिरॉइड, हायड्रोकॉर्टिसोन, १०० मिग्रॅ शिरेतून दिलं, पुढच्या २४ तासांत २००. रिपोर्टची वाट बघायची नसते, तेवढ्यात पेशंट जातो. तासाभरात बीपी १०४. कॉर्टिसोल नंतर आलं १.६ मायक्रोग्रॅम, एवढ्या शॉकमध्ये ते १८ च्या वर असायला हवं, आणि एसीटीएच नॉर्मलच्या कितीतरी पट.

मीटिंगमध्ये मी सगळ्यात जास्त वेळ घेतला तो रात्रीच्या स्लाइडवर. स्टिरॉइड दिल्यावर पेशंट बरी दिसायला लागते आणि आपण निश्चिंत होतो, पण कॉर्टिसोल नसताना शरीर पाणी धरून ठेवणारं एडीएच सोडत असतं, स्टिरॉइड मिळालं की ते एकदम थांबतं. रात्री दोनला कॅथेटरच्या बॅगेत तासाला ३०० मिली लघवी, पाण्यासारखी. सोडियम बघितलं तर आठ तासांत ११९ चं १२६. दिवसाला आठच्या वर वाढवायचं नाही, फार वेगाने वाढलं तर मेंदूच्या नसांचं आवरण उद्ध्वस्त होऊ शकतं. सलाईन बंद, पाच टक्के डेक्स्ट्रोज चालू, दर दोन तासांनी सोडियम. सकाळी १२६ वरच थांबलं होतं, तेव्हा कुठे मी खुर्चीत टेकलो.

आणि एक गोष्ट दुसऱ्या दिवशी आईने पिशवीतून गोळ्या काढल्यावर कळली. तीन आठवड्यांपूर्वी टीएसएच ९.२ आला म्हणून थायरॉक्सिन सुरू झालेलं आणि तेव्हापासूनच तब्येत जास्त बिघडली. कॉर्टिसोल नसलं तरी टीएसएच थोडा वाढतो, थायरॉईड ठीक असूनसुद्धा. त्यात थायरॉक्सिन दिलं की उरलंसुरलं कॉर्टिसोल आणखी पटापट संपतं. मी अॅडमिशनला 'औषधं: काही नाही' असं लिहिलं होतं, आणि मॅडमनी ती स्लाइड तशीच ठेवायला लावली.

थायरॉक्सिन बंद केलं. डिस्चार्जला हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन, आईला शिकवलं की ताप आला तर डोस दुप्पट, उलट्यांमुळे गोळी पोटात राहत नसेल तर घरचं इंजेक्शन द्यायचं आणि सरळ निघून यायचं. सहा आठवड्यांनी टीएसएच आला ३.४.