लाल बटण आणि मिक्सी

ॲमेझॉनवर वस्तू विकणारे विचारतात, “वस्तूच्या पानावरच्या बुलेटमध्ये आणि मागच्या, न दिसणाऱ्या सर्च टर्म्समध्ये तेच शब्द टाकले तर बिघडतं कुठे?”

इंदूरच्या रामबागेतल्या माझ्या एका ग्राहकाचं उदाहरण सांगते. ७५० वॉटचा, तीन भांड्यांचा मिक्सर. पहिल्या बुलेटमध्ये ‘दमदार मोटर’ असं काहीतरी होतं. रिटर्न मात्र येत राहिले आणि कारण बहुतेकदा एकच: “अचानक बंद पडला.” मी एक परत आलेला नग उलटा करून पाहिला. खाली लाल बटण होतं. घट्ट वाटणाने मोटरवर ताण आला की ते सुटतं आणि मोटर जळण्यापासून वाचते. प्लग काढून, मोटर गार होऊ देऊन बटण दाबलं की मिक्सर पुन्हा सुरू. बिघाड नव्हताच, लोकांना बटण ठाऊक नव्हतं.

म्हणून पहिला बुलेट असा लिहिला: “जास्त ताण आला की मोटर आपोआप थांबते, गार झाल्यावर तळाचं लाल बटण दाबा.” मोबाइलवर लांब बुलेट अर्धवट दिसतात, त्यामुळे कामाची गोष्ट आधी. उरलेल्या चारांत भांड्यांची मापं, सलग किती मिनिटं चालवायचा, वायरची लांबी, हमी. मिक्सर विकत घेणारी बाई बुलेट वाचते. तिच्या मनातली शंका तिथेच फिटली पाहिजे.

मागचा सर्च टर्म्सचा रकाना विकत घेणाऱ्या कुणालाच दिसत नाही, तो फक्त शोधासाठी. शीर्षकात, बुलेटमध्ये आलेला शब्द तिथे पुन्हा टाकून काही मिळत नाही, जागा तेवढी जाते. ॲमेझॉनच्या भारतातल्या साइटवर ही जागा २०० बाइटच्या आत आहे. मर्यादा ओलांडली तर आख्खा रकानाच शोधात न धरला जाण्याची भीती.

बाइट म्हणजे अक्षरं नव्हेत, इथेच घोळ होतो. रोमन अक्षराला १ बाइट, देवनागरीत प्रत्येक अक्षर, काना-मात्रा, हलन्त यांना ३. त्यामुळे mixie ५ बाइटांत बसतो, ‘मिक्सी’ला १८ लागतात. तरी तो मी ठेवलाच, कारण आपण घरी मिक्सर म्हणत असलो तरी इंदूरभर मिक्सीच म्हणतात आणि शीर्षकात हा शब्द नव्हता. शेवटी एवढंच राहिलं:

```
mixie masala pisne machine idli dosa batter मिक्सी
```

स्वल्पविराम नाहीत, ‘बेस्ट’, ‘स्वस्त’ नाही. आधीच्या रकान्यात दुसऱ्या नामवंत कंपन्यांची नावं भरलेली होती, ती सगळ्यांत आधी काढली. ते नियमात बसत नाही आणि त्यापायी लिस्टिंग बंद होऊ शकतं.

बदल केल्यावर एक-दोन दिवस थांबा. मग शोधपट्टीत ASIN, म्हणजे ॲमेझॉनने वस्तूला दिलेला कोड, आणि पुढे एकच शब्द, mixie, टाका. तुमचा मिक्सर आला तर शब्द धरला गेलाय. नाही आला तर आधी बाइट मोजा.