आमची वाटचाल : अंड्यावर खिमा टिकवायला शिकताना

छत्रपती संभाजीनगरात आमचं छोटं स्वयंपाकघर आहे. ऑर्डरप्रमाणे नर्गिसी कोफ्ते करून देतो. उकडलेल्या अंड्याला मसालेदार खिम्याचं आवरण द्यायचं, तळायचं आणि मधून कापायचं. आत पांढरा-पिवळा रंग दिसतो, तो नर्गिसच्या फुलासारखा, म्हणून हे नाव. सुरुवात एका वेळी सहा अंड्यांची होती, आज एका खेपेचं माप तीस अंड्यांचा एक ट्रे असं आहे. या वाटचालीत चव फारशी बदलली नाही. बदलली ती खिमा अंड्यावर बसवायची रीत.

सगळं एका गोष्टीवर येऊन थांबतं. गरम झाल्यावर मटणाचा खिमा आकसतो, पण आधीच उकडलेलं अंडं आकसत नाही. म्हणजे कढईत पडल्यापासून आवरण ताणलं जात असतं. जिथे ते पातळ असेल, जोड कच्चा असेल किंवा आत पाणी-हवा अडकली असेल, तिथून ते फाटणार. आम्ही पुष्कळ दिवस दोष तेलाला देत होतो. खरी चूक बहुतेक वेळा तेलाच्या आधीच झालेली असते.

अंडी पाच ते सात दिवसांची घेतो. अगदी ताज्या अंड्याचं कवच पांढऱ्याला धरून ठेवतं आणि सोलताना खळगे पडतात. त्या खळग्यांत हवा राहते. उकळत्या पाण्यात अंडी सोडून दहा मिनिटं ठेवायची, मग दहा मिनिटं बर्फाच्या पाण्यात. सोलल्यावर सुती फडक्यावर नीट कोरडी करायची. ही पायरी सगळ्यात जास्त टाळली जाते आणि आवरण सुटण्याचं मोठं कारण हीच असते. ओल्या अंड्यावर खिमा चिकटत नाही, घसरतो, आणि ते पाणी तळताना वाफ होऊन आवरण आतून ढकलतं. कोरड्या अंड्यावर डाळ्याचं बारीक पीठ हलकंच भुरभुरवायचं आणि जास्तीचं झटकून टाकायचं. जाड थर राहिला तर पीठच सुट्टं पडतं, म्हणजे पुन्हा तोच घोटाळा.

आता खिमा. तीस अंड्यांना १ किलो ८०० ग्रॅम बोकडाचा खिमा लागतो. खाटकाकडून दोन वेळा मशीनमधून काढून घ्यायचा, आणि चरबी साधारण १५ टक्के ठेवायला सांगायची. निव्वळ लाल मांसाचा खिमा जास्त आकसतो आणि कोरडा पडतो. एवढ्या खिम्याला मीठ २८ ग्रॅम, डाळ्याचं पीठ १५० ग्रॅम, आलं-लसणाचं वाटण ६० ग्रॅम, वाटलेली हिरवी मिरची ४० ग्रॅम, तळून चुरलेला कांदा ६० ग्रॅम आणि गरम मसाला, धने, लाल तिखट मिळून ३० ग्रॅम. हे सगळं २ किलो १७० ग्रॅमच्या आसपास भरतं. परातीला आणि हाताला चिकटून थोडं जातं, तरी अंड्यामागे ७० ग्रॅम सहज मिळतो.

कच्चा कांदा आम्ही पूर्ण बंद केला. मीठ लागलं की त्याला पाणी सुटतं, खिमा सैल होतो आणि कढईत तेच पाणी फुगून भेगा पाडतं. कच्च्या पपईचंही तसंच. कबाबाला ती हवी, पण इथे मांसाला धरून ठेवणारा भागच ती मोडते आणि आवरण लोण्यासारखं गळतं.

मळण्याचा क्रम महत्त्वाचा आहे. गार खिम्यात आधी फक्त मीठ घालून सहा-सात मिनिटं तळव्याने रगडायचा. मिठामुळे मांसातला चिकटपणा बाहेर येतो, आणि डाळ्याच्या पिठापेक्षा तोच जास्त काम करतो. खिम्याचा गोळा तळहातावर दाबून हात उलटा करायचा. गोळा पडला नाही तर मग बाकीचं घालायचं. मसाला आधी घातला की ही चिकटाई नीट येत नाही. मळलेला खिमा तासभर फ्रिजमध्ये. एप्रिल-मे महिन्यांत आमच्याकडे पारा ४२ अंशांवर जातो, तेव्हा हाताच्या उबेनेही खिमा सैल पडतो. म्हणून उन्हाळ्यात गुंडाळण्याचं काम पहाटे करतो आणि एका वेळी पाच अंड्यांपुरताच खिमा बाहेर काढतो.

गुंडाळताना ओल्या तळहातावर ७० ग्रॅमची चपटी वाटी करायची, मधे अंडं ठेवून कडा वर ओढायच्या. नंतर सगळीकडून दाबत दाबत हवा जोडाकडे ढकलायची आणि शेवटी जोड मिटवायचा. मधल्या आकाराच्या अंड्यावर ७० ग्रॅमचं आवरण साधारण ८ मिलिमीटर जाड बसतं. अंड्याच्या टोकावर खिमा आपोआप पातळ होतो, तिथे मुद्दाम जास्त सरकवायचा. तयार कोफ्ते पुन्हा अर्धा तास फ्रिजमध्ये आवळू द्यायचे.

पाच लिटर तेलाच्या कढईत एका वेळी सहाच. तेल १६५ अंशांवर असताना सोडायचे. थंड कोफ्ते पडले की तेल १५०च्या जवळ उतरतं, म्हणून आच तेवढी वाढवायची. पहिलं मिनिटभर झारा लावायचा नाही, फक्त वरून तेल उडवायचं. त्या मिनिटात बाहेरचा थर आळतो. आधीच उलटवलं तर जोड उघडतो. मग हळूहळू फिरवत सात-आठ मिनिटं. तेल १८५ अंशांवर गेलं की बाहेर काळपट कवच होतं आणि आतला खिमा कच्चा राहतो. आत शिजताना तो आकसतो आणि कडक झालेलं कवच तडकतं. सुई-थर्मामीटर आडवं, फक्त खिम्यात खुपसून ७४ अंश दाखवलं पाहिजे, अंड्यात टोचून नव्हे.

घाण्यातला बिघडलेला कोफ्ता आम्ही फेकण्याआधी कापून बघतो. अंडं आणि खिम्यामध्ये पोकळी दिसली तर अंडं ओलं होतं. एकाच रेषेत फाटलं असेल तर जोड दाबला गेला नाही. टोकाला फुटलं तर तिथे खिमा पातळ होता. उन्हाळ्यातल्या काळ्या रानासारख्या सगळीकडे बारीक भेगा असतील, तर मळणं कमी पडलं किंवा चरबी कमी होती. डाळ्याच्या जागी येसूर, म्हणजे धान्य-डाळी आणि मसाले भाजून केलेलं पीठ, घालून बघितला, त्यातही अशाच भेगा आल्या. येसूर जाडसर दळलेला असतो आणि प्रत्येक कणापाशी खिमा तुटतो. त्याची जागा रश्श्यात आहे आणि तिथे तो उत्तम लागतो.

तळल्यावर दहा मिनिटं थांबून ताणलेल्या दोऱ्याने कापायचे. गरम असताना सुरी लावली तर खिमा सुरीबरोबर निघून येतो. बाहेरगावी पाठवायचे असतील तर अर्धवट तळून देत नाही, कारण अर्धा शिजलेला खिमा वाटेत ऊबेत राहणं धोक्याचं. पूर्ण तळून, गार करून, बर्फाच्या डब्यात पाठवतो. रस्सा वेगळा देतो. रस्सा उकळला की गॅस बारीक करायचा, अख्खे कोफ्ते सोडायचे, झाकण ठेवून दहा मिनिटं गरम होऊ द्यायचे. खळखळ उकळी येऊ द्यायची नाही, पळीने ढवळायचं नाही, भांडंच धरून हलवायचं. अर्धे करायचे ते ताटात वाढतानाच.